झेब्राचे पट्टे आणि साच्याचा उतार

स्कूटरच्या मागच्या चाकावर जे चकचकीत प्लास्टिकचं साइड पॅनेल असतं, त्याचा आकार आपण खरं तर त्याच्यावर पडलेल्या प्रतिबिंबातून वाचतो. छताच्या ट्यूबलाइटची रेघ पॅनेलवरून अखंड वाहत गेली, तर पॅनेल छान दिसतं. तीच रेघ मध्येच तुटली किंवा मोडून दुसरीकडे वळली, तर नजर तिथे अडखळते. नेमकं काय खटकलं हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खटकलेलं असतं.

हेच पॅनेल पोलादी साच्यात तयार होतं. वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरतात, ते थंड होतं, साचा उघडतो आणि इजेक्टर पिना पॅनेल बाहेर ढकलतात. पॅनेलच्या भिंती साचा उघडण्याच्या दिशेशी अगदी समांतर असतील, तर पॅनेल पोलादाला घासत बाहेर येतं आणि त्यावर ओरखडे उठतात. भिंती उलट्या झुकलेल्या असतील, तर ते येतच नाही. अडकतं, वाकतं, कधी फाटतं.

म्हणजे दिसण्याचा प्रश्न वेगळा आणि निघण्याचा वेगळा. कंपन्यांमध्ये ही दोन कामं बहुतेक वेळा दोन वेगळ्या माणसांकडे असतात. स्टायलिंगवाला संगणकावर झेब्रा लावून पट्टे पाहतो, टूलिंगवाला ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस लावून रंग पाहतो. एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचं काम बिघडतं आणि फाइल दोघांमध्ये येरझाऱ्या घालत राहते. असं का होतं, ते एका पॅनेलच्या उदाहरणावरून पाहू.

त्याआधी एक छोटी गोष्ट समजून घ्यायला हवी. कुठल्याही पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर काटकोनात उभा असलेला एक बाण कल्पा. सपाट टेबलावर हे सगळे बाण सरळ वर पाहतील. गोलावर ते चहूबाजूंना फाकतील. झेब्रा आणि ड्राफ्ट या दोन्ही तपासण्या याच बाणाला प्रश्न विचारतात. ड्राफ्ट विचारतो, बाण कुठे पाहतोय? झेब्रा विचारतो, तो एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर जाताना कसा वळतोय?

आधी झेब्रा. या तपासणीत सॉफ्टवेअर अशी कल्पना करतं की वस्तू आरशासारखी गुळगुळीत आहे आणि तिच्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खोली आहे. वस्तूवर त्या पट्ट्यांचं जे प्रतिबिंब पडेल ते पडद्यावर दिसतं. कल्पना मुळात संगणकाची नाही. मोटारींच्या कारखान्यांत रांगेने लावलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडात गाडीचा पत्रा पारखण्याची पद्धत जुनी आहे. मातीच्या मॉडेलवर चकचकीत फिल्म चिकटवून त्यावर उजेडाच्या रेघा कशा धावतात हेही डिझायनर पाहत आले आहेत. संगणकावरच्या पृष्ठभागातले दोष परावर्तित रेघांच्या मदतीने कसे दुरुस्त करावेत, यावर आर. क्लास यांचा निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. आज राइनो या सॉफ्टवेअरमध्ये `Zebra` एवढी आज्ञा दिली की पट्टे उमटतात, आणि सॉलिडवर्क्ससारख्या इतर पॅकेजमध्येही ही सोय असते.

पॅनेल एका तुकड्याचं बनत नाही. संगणकावर ते अनेक छोट्या पृष्ठभागांचे तुकडे जोडून तयार होतं, आणि पट्टे वाचायचे ते या जोडांवर. जोडाच्या दोन्ही बाजूंचे बाण वेगवेगळ्या दिशांना पाहत असतील, तर पट्टा तिथे तुटतो. अलीकडचं टोक एकीकडे, पलीकडचं दुसरीकडे. बाण एकाच दिशेला पाहत असतील, पण अलीकडे ते हळूहळू वळत असतील आणि पलीकडे एकदम झपाट्याने, तर पट्टा जुळतो पण जोडावर कोपरा करून मोडतो. आणि दोन्हीकडे बाणांच्या वळण्याचा वेगही सारखा असेल, तर पट्टा जोड ओलांडताना कुठेही मोडत नाही. या तीन पायऱ्यांना व्यवसायात जी-झिरो, जी-वन आणि जी-टू म्हणतात. पहिलीत फक्त कडा जुळलेल्या असतात, दुसरीत दिशाही जुळते, तिसरीत वक्रताही.

यातली मधली पायरी फसवी आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन पृष्ठभागांच्या कोपऱ्यावर नेहमीचा फिलेट मारला, की तो वर्तुळाच्या तुकड्यासारखा बसतो. आपल्या पॅनेलचा मोठा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट आहे, त्याची त्रिज्या ९०० मिलिमीटर धरू. कडेला तो आत वळतो तिथे १० मिलिमीटर त्रिज्येचा फिलेट आहे. दिशा अगदी बरोबर जुळलेली आहे, हात फिरवला तर काही जाणवत नाही. पण जोड ओलांडताच वक्रता नव्वद पटीने उडी मारते. झेब्रात इथे प्रत्येक पट्टा मोडलेला दिसतो, आणि रंगवलेल्या पॅनेलवर त्याच जागी कडेकडेने एक टणक रेघ उमटते. स्वस्त वस्तू आणि नेटकी वस्तू यांच्यातला दिसण्याचा बराचसा फरक या एका रेघेत असतो, असं मला वाटतं.

झेब्रा वाचताना दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. पट्टे जोडाला समांतर धावत असतील, तर मोड असूनही दिसत नाही. म्हणून पट्टे जोडाला आडवे कापतील अशा बेताने मॉडेल फिरवत राहायचं. दुसरी खबरदारी अशी की पडद्यावरचं चित्र बारीक त्रिकोणांच्या जाळीतून तयार होतं. जाळी ढोबळ असेल, तर चांगल्या पृष्ठभागावरही पट्टे खडबडीत दिसतात आणि नसलेला दोष शोधण्यात दुपार जाते. जाळी बारीक करून पाहावी. पट्टे सुधारले तर दोष चित्राचा होता, तसेच राहिले तर पृष्ठभागाचा.

आता ड्राफ्ट. वाटीतला भात ताटात उपडा केला की मूद अलगद सुटते, कारण वाटीची भिंत तोंडाकडे पसरत गेलेली असते. साच्यातल्या प्लास्टिकचंही तसंच आहे, फक्त इथे तो पसरटपणा अंशात मोजतात. भिंत साचा उघडण्याच्या दिशेपासून किती अंश कललेली आहे, तो तिचा ड्राफ्ट. वर सांगितलेला बाण त्या दिशेला बरोबर काटकोनात असेल, तर ड्राफ्ट शून्य. बाण थोडा साचा उघडण्याच्या बाजूला झुकला तर ड्राफ्ट धन, विरुद्ध बाजूला झुकला तर ऋण, आणि तिथे अंडरकट.

चकचकीत भिंतीला साधारण एक अंश तरी द्यावा, जमल्यास जास्त, हा टूलरूममधला नेहमीचा हिशेब. पॅनेलवर टेक्स्चर असेल तर ड्राफ्ट वाढवावा लागतो, कारण टेक्स्चरचा प्रत्येक बारीक खड्डा हा स्वतःच एक छोटा अंडरकट असतो. ढोबळ नियम असा की टेक्स्चरच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे आणखी एक ते दीड अंश. यातून एक गंमतीशीर विभागणी होते. टेक्स्चर प्रतिबिंब पुसून टाकतं, त्यामुळे झेब्राचे बारीक दोष लपतात, पण ड्राफ्ट भरपूर मागतं. चकचकीत पृष्ठभाग थोड्या ड्राफ्टवर भागवून घेतो, पण पट्ट्यांच्या बाबतीत कसलीही सूट देत नाही.

ड्राफ्ट अ‍ॅनालिसिसमध्ये साचा उघडण्याची दिशा आणि किमान कोन सांगितला, की पॅनेल रंगतं. बऱ्याच पॅकेजमध्ये हिरवा म्हणजे धन, लाल म्हणजे ऋण आणि पिवळा म्हणजे अपुरा. नवीन माणूस लाल रंग पाहून घाबरतो, पण जाडी असलेल्या पूर्ण भागात लाल असायलाच हवा. साच्याचे दोन भाग असतात, बाहेरची बाजू घडवणारी कॅविटी आणि आतली बाजू घडवणारा कोअर. दोन्ही एकमेकांपासून विरुद्ध दिशांना दूर जातात. म्हणून बाहेरची बाजू हिरवी आणि आतली बाजू लाल, हे निरोगी चित्र आहे. चिंता करायची ती पिवळ्याची, आणि एकाच बाजूवर हिरवा जाऊन मध्येच लाल सुरू होतो त्याची. हिरवा संपून लाल सुरू होतो तिथे ड्राफ्ट शून्य असतो, आणि साच्याचे दोन भाग मिळतात ती पार्टिंग लाइन तिथेच यायला हवी. ती कडेवर आली तर लपते. दर्शनी पृष्ठभागाच्या मध्यावरून गेली, तर तिची बारीक उमट रंगाखालूनही डोकावते.

आता आपलं पॅनेल घेऊ. लांबी ४८० मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, एबीएस प्लास्टिक, वर चकचकीत रंग. सुरुवातीला फक्त बाहेरची कातडी बनवलेली आहे, तेव्हा सगळीकडे हिरवंच दिसायला हवं. साचा स्कूटरच्या आडव्या दिशेत उघडेल, म्हणजे डाव्या पॅनेलसाठी सरळ डावीकडे, असं धरून आणि किमान दीड अंश सांगून ड्राफ्ट लावला. मोठा दर्शनी भाग हिरवा. पुढच्या बाजूला, सीटखाली, आत वळलेली ४५ मिलिमीटर खोल भिंत आहे, तिथे पाच अंश. पण मागच्या टोकाला, पॅनेल टेललाइटच्या मागे गुंडाळत जातं तिथे, बोटभर लांब लाल पट्टा. ड्राफ्ट उणे अडीच अंश.

एक मार्ग म्हणजे साच्यात स्लायडर बसवणं. स्लायडर म्हणजे साचा उघडताना आडवा सरकून अडलेली जागा मोकळी करणारा पोलादाचा तुकडा. त्याने साचा महागतो, आणि स्लायडरची कड रंगवलेल्या दर्शनी भागावर रेघ सोडते. पॅनेल देखणं दिसावं म्हणून तो मागचा गुंडाळा काढला होता. त्याच्यावरच रेघ ओढून उपयोग काय? म्हणून आधी दुसरा मार्ग पाहायचा. साचा उघडण्याची दिशा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ती चार अंश मागच्या बाजूला फिरवली, की मागचे उणे अडीच अंश अधिक दीड होतात. पण पुढची भिंत मागच्या भिंतीच्या समोरासमोर आहे, त्यामुळे तिचे पाच अंश घटून एकच उरतो. लाल गेलं आणि दुसऱ्या टोकाला पिवळं आलं.

दिशा फिरवण्याची आणखी एक किंमत आहे आणि ती आतल्या बाजूला मोजावी लागते. स्क्रू बसण्यासाठी आतून जे पोकळ खांब असतात, त्यांना बॉस म्हणतात. ते स्कूटरच्या आडव्या दिशेत उभे काढले असतील, तर नव्या दिशेच्या हिशेबाने चार अंश तिरके ठरतात आणि त्यांची एक बाजू अडकते. ते सगळे नव्या दिशेत उभे करावे लागतात, आणि मग स्क्रू आणि त्याची टेकणारी जागाही थोडी तिरकी धरावी लागते. म्हणून ही दिशा आतलं काम सुरू होण्याआधी ठरलेली बरी.

पुढच्या भिंतीला आता अर्धा अंश हवा. नेमका इथेच घोटाळा होतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भिंत कलती करण्याची तयार सोय असते. भिंत निवडा, अर्धा अंश द्या, काम झालं. ४५ मिलिमीटर खोलीवर अर्धा अंश म्हणजे तळाशी जेमतेम ०.४ मिलिमीटरचा फरक. कुणाच्या डोळ्यांना तो दिसणार नाही, अशी समजूत असते. पण भिंतीचे बाण अर्धा अंश फिरले आणि शेजारच्या फिलेटचे होते तिथेच राहिले. आरशाचा साधा नियम आहे, आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं. म्हणजे जोडावर प्रतिबिंब एक अंशाने उडी मारतं. दोन मीटरवरच्या ट्यूबलाइटच्या बाबतीत ही उडी सुमारे साडेतीन सेंटीमीटरची होते. मापात नगण्य असलेला फरक प्रकाशात हाताच्या दोन बोटांएवढा होऊन बसतो. ड्राफ्टचा अहवाल हिरवागार, झेब्रा मात्र तुटलेला.

म्हणून दुरुस्ती उलट्या क्रमाने करायची. आधी फिलेट काढून टाकायचा. मग भिंत नव्या दिशेच्या हिशेबाने दीड अंशात मुळापासून पुन्हा उभारायची. त्यानंतर मोठा दर्शनी भाग आणि ही भिंत यांना जोडणारा नवा पृष्ठभाग घालायचा, पण वर्तुळाचा नव्हे. दोन्ही टोकांना वक्रता जुळवून घेणारा. याला ब्लेंड म्हणतात. ब्लेंडला जागा जास्त लागते. जुना फिलेट कोपऱ्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर पसरला होता. तेवढ्याच जागेत ब्लेंड कोंबला, तर त्याची सगळी वक्रता मध्यावर गोळा होते आणि कड टोकदार दिसते. पसारा पंधरा-सोळा मिलिमीटरपर्यंत वाढवला, की तीच कड मऊ दिसते आणि पट्टे न मोडता भिंतीवर उतरतात.

आणि आता पुन्हा ड्राफ्ट लावायचा. हे बरेच जण विसरतात, कारण ड्राफ्ट तर मघाशीच झाला अशी त्यांची खात्री असते. ब्लेंडमध्ये बाणाने दर्शनी भागाकडून भिंतीकडे एकाच दिशेने वळत जायला हवं. सॉफ्टवेअरने जोराने ओढून बसवलेला ब्लेंड कधीकधी भिंतीपर्यंत पोचण्याआधी थोडा जास्त वळतो आणि मग मागे येतो. झेब्रात पट्टे जुळलेलेच दिसतात, फक्त एक हलका बाक येतो, तो घाईत सुटून जातो. ड्राफ्टमध्ये मात्र ब्लेंडच्या पायथ्याशी हिरव्याच्या मधून जाणारी एक पिवळी दोरी उमटते. दिसण्यातला दोष ड्राफ्टच्या रंगाने दाखवून द्यावा, असा हा प्रसंग आहे. ब्लेंडची ओढ थोडी सैल केली की दोरी जाते आणि पट्ट्यांतला बाकही जातो.

बाहेरचं एकदा नीट झालं, की आतल्या बाजूचं बरंचसं आपोआप होतं. जाडी सगळीकडे सारखी अडीच मिलिमीटर ठेवली, तर आतला पृष्ठभाग बाहेरच्याला समांतर असतो आणि दोन्हीकडचे बाण एकाच रेषेत राहतात. म्हणून बाहेर दीड अंश असेल तर आतही दीडच. हे महत्त्वाचं आहे, कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं, एबीएस साधारण अर्धा टक्का, आणि आकसून ते कॅविटीपासून सुटतं पण कोअरला आवळून बसतं. निघताना खरा झगडा आतल्या बाजूला असतो.

डावं पॅनेल झालं म्हणजे उजवं नुसतं आरशातल्यासारखं उलटून मिळतं, त्याला पुन्हा तपासण्या लागत नाहीत. पण हँडलपुढच्या काउलसारखा मधोमध जोड असलेला भाग असेल, तर अर्धा भाग तपासून चालत नाही. अर्ध्यावर पट्टे निर्दोष वाहतात, दुसरा अर्धा जोडल्यावर मध्यावर त्यांची टोकं बाणाच्या फाळासारखी उभी राहतात. दोन्ही अर्धे समोर ठेवूनच झेब्रा लावायचा.

संगणकावर पट्टे जुळले म्हणून पॅनेल तसंच निघेल, याची हमी मात्र नाही. झेब्रा तपासतो तो काढलेला आकार, साच्यातून निघालेला नव्हे. आतून मजबुतीसाठी जी रिब असते, ती जाड ठेवली तर तिच्यामागचं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आत ओढलं जातं आणि बाहेरच्या चकचकीत बाजूवर पुसट खळगा पडतो. संगणकाच्या पट्ट्यांत तो कधीच दिसणार नाही. त्यासाठी रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात, अडीच मिलिमीटरच्या भिंतीला साधारण सव्वा ते दीड. पॅनेल थंड होताना पिळवटलं, तर तेही झेब्राला माहीत नसतं. म्हणून साच्यातून पहिले नमुने निघाले, की ते खऱ्या ट्यूबलाइटखाली धरून पाहावेच लागतात. रंग लावण्याआधीचं कोरं प्लास्टिक पुरेसं चमकत नसेल, तर पाण्याचा किंवा चकचकीत पॉलिशचा पातळ हात फिरवून पाहतात.

इतक्या काटेकोरपणाची गरज साच्याच्या पोलादामुळे आहे. साच्यातलं पोलाद कोरून काढणं सोपं, परत घालणं अवघड. ड्राफ्ट वाढवण्यासाठी थोडं पोलाद काढायचं असेल, तर ते मशीनवर होऊन जातं. पण गुंडाळा कमी करायचा असेल किंवा कडेची वक्रता बदलायची असेल, तर बहुधा पोलाद भरावं लागतं. भरायचं म्हणजे वेल्डिंग. वेल्डिंगची जागा आजूबाजूच्या पोलादासारखी पॉलिश होत नाही आणि चकचकीत पॅनेलवर तिचा डाग उतरत राहतो. संगणकावर एका दुपारी होणारी दुरुस्ती साच्यावर आठवडे खाते, आणि तरीही पूर्ण होत नाही.

चाकण-भोसरीच्या परिसरात असे साचे बनवणाऱ्या टूलरूम भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडे फाइल पाठवणारे डिझायनर पुण्यातच नव्हे तर छोट्या गावांतून घरबसल्या काम करणारेही आहेत. त्यांना एकच सांगणं आहे. साचा उघडण्याची दिशा पहिल्या दिवशी टूलरूमशी बोलून ठरवा. पृष्ठभाग उभारतानाच त्यांना ड्राफ्ट द्या, शेवटी भिंती कलत्या करू नका. आणि फाइल पाठवण्याआधी झेब्रा आणि ड्राफ्ट या दोन्ही तपासण्या शेवटच्या बदलानंतर, त्याच फाइलवर, एकापाठोपाठ एक लावून पाहा.